थ्रेस्याम्माच्या चेहऱ्यावरची अक्षरं

पैलीला मी ओळखत होतो, असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी चर्चचा कप्यार. घंटा वाजवणं आणि मेणबत्त्या लावणं हे माझं काम. तो लग्नांच्या आणि मयतीच्या फिल्म काढायचा. आमच्याकडे घरचं कुणी ना कुणी आखातात असतंच, म्हणून मयतीची फिल्म लागतेच. सत्तावीस वर्षं आम्ही एकाच शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. बोलणं व्हायचं ते एवढंच: "कप्यारे, जरा सरका, तुमची सावली पडतेय."

त्याची बायको थ्रेस्याम्मा गेली, तेव्हा कॅमेरा त्यानेच धरला. "परक्याच्या हातात तिला कशाला देऊ?" म्हणाला. मुलगा बिनोय कुवेतला. त्याला रजा मिळाली नव्हती. एक्केचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी फिल्म त्याच्याकडे पोचायला हवी होती.

पैलीचा जुना संगणक त्याच महिन्यात बंद पडला होता. नव्यावर त्याने फिल्म कापून जोडायच्या एका सॉफ्टवेअरची चाचणीची प्रत घेतली आणि आठ दिवस बसून काम केलं. काम करताना पडद्यावर काही दिसलं नाही. तयार फिल्म बाहेर काढली, तेव्हा प्रत्येक चित्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कंपनीच्या नावाचा शिक्का. शेवटचा मुका घेऊन चेहऱ्यावर कापड टाकतात ना, तिथे ती अक्षरं नेमकी तिच्या डोळ्यांवरून गेली होती.

मी मेणबत्त्यांचा हिशोब द्यायला त्याच्याकडे गेलो होतो. मोबाईल दुरुस्तीवाला सजी तिथेच बसला होता.

"पैलीच्चाया, पाच मिनिटांचं काम. फुकटातली क्रॅक केलेली प्रत टाकतो, अक्षरं गायब!"

"तू गेल्या वेळी टाकलीस तेव्हा काय गायब झालं होतं?"

त्या प्रतीतून आलेल्या कसल्याशा किडीने पैलीच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं होतं. थ्रेस्याम्माचं हसणं-बोलणं, भांडणं, सगळं त्यातच गेलं. तिचं हलतं चित्र असं उरलं होतं ते फक्त हे मयतीचं.

"मग कडा कापा ना," सजी पुटपुटला.

"अक्षरं मधोमध आहेत. कापू काय, तिचं डोकं?"

मी घाबरत विचारलं, "कंपनीकडून परवाना घेतला तर?"

"तर काहीच अडचण नाही, कप्यारे. केलेलं काम तसंच उघडतं. पुन्हा बाहेर काढायचं, शिक्का येत नाही. पण ते वर्षाचं लायसन्स देतात. ही माझी शेवटची फिल्म. वर्षाचं घेऊन काय करू?"

दुसरा रस्ता त्यालाच माहीत होता. एका कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर होतं, रीतसर वापरायला दिलेलं, शिक्का न मारणारं. पण आधीचं काम त्यात उघडत नव्हतं. कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण घेऊन पहिल्यापासून कापायला हवं होतं. म्हणजे ती मयत पुन्हा बघायची, एकेक क्षण थांबवून.

"दुपारी याल?" त्याने विचारलं. "काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

दुपारची घंटा झाली की मी जायचो. तीन दुपारी बसलो. तो चित्र पुढे न्यायचा, मागे आणायचा, कापायचा. पेटीभोवती घरचे फोटोला उभे राहतात तो भाग आला, की त्याला धाप लागायची. मी पाण्याचा पेला सरकवायचो. मला धीराचं बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी फिल्म बाहेर काढली, तर एके ठिकाणी पुन्हा शिक्का. मी उठून उभाच राहिलो. पैली मात्र शांत होता. तिच्या चेहऱ्यावर त्याने मऊ उजेड टाकला होता. तो परिणाम फुकटातला नव्हता, विकत घ्यायचा होता.

"उजेड काढतो," तो म्हणाला. "होती तशीच दिसू दे."

मग फिल्म आली ती स्वच्छ. काळवंडलेले ओठ, नाकातला कापूस, सगळं दिसत होतं. त्याने ती पूर्ण पाहिली आणि पाठवली.

तासाभराने बिनोयचा फोन आला, पैलीने तो स्पीकरवर लावला. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "अप्पा, अम्मा नीट दिसली. पण तुम्ही कुठेच नाही हो."

"मी कॅमेऱ्यामागे होतो रे."

"मला तुम्हाला बघायचं होतं."

पैलीने फोन उशाखाली ठेवला, तो बंदही न करता. घरच्यांच्या फोटोत उभं राहायला दोन मिनिटं कॅमेरा कुणाकडे तरी द्यावा, हे त्याला सुचलंच नव्हतं. बिनोयला ती फिल्म पुढे पुन्हा कधी लावता आली की नाही, ते मला माहीत नाही.

एक्केचाळिसाव्या दिवसानंतर बाराव्या दिवशी मी पैलीच्या मयतीची घंटा वाजवली. त्याची फिल्म कुणी काढली नाही. कुणाला तरी काढायला मी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

आमचं शेवटचं बोलणं त्या एक्केचाळिसाव्याच्या जेवणात झालं. तो दारात ताटं मोजत उभा होता.

"कप्यारे, मटण संपायच्या आत बसून घ्या."

"तू जेवलास?"

"नंतर बसतो. तुम्ही आत व्हा, उन्हात उभे राहू नका."