दोन ग्रोस बटणं

बाबांची गिरणी बंद पडली त्याच्या पुढच्या वर्षी मी नोकरीला लागले. घाटकोपर स्टेशनजवळच्या गल्लीत शिवणसामानाचं एक दुकान होतं. बटणं, हुक, चेन, लेस, अस्तर, रिळं. शिंप्यांना घाऊक, बायकांना सुटं. शेठ कच्छी होते, गल्ल्यावर बसायचे आणि मला पहिल्या दिवसापासून 'बेन' म्हणायचे. मी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची. काउंटरच्या आत आणखी एकच माणूस होता. कणकवलीकडचे, साठीला टेकलेले, तीस वर्षं त्याच काउंटरमागे उभे असलेले. त्यांना सगळी गल्ली मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्या सकाळी मामांनी मला बरण्या, खोके, फळ्या दाखवल्या आणि एका दमात सांगून टाकलं, "बटण ग्रोसवर, चेन डझनावर, टिचबटण ग्रोसवर पण जोडीनं, रुमाल कोडीवर. लक्षात राहील ना गं?"

"हो," मी म्हटलं.

राहिलं काहीच नव्हतं. डझन मला ठाऊक होता, केळी आणि अंडी डझनानेच यायची. शेकडाही ठाऊक होता, गावाहून नारळ येत ते शेकड्यानेच. जोडी म्हणजे दोन, हे तर लहान पोरालाही कळतं. कोडी म्हणजे वीस, हे आईने मासळीवालीशी केलेल्या घासाघिशीत ऐकलेलं. पण ग्रोस? हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. कानाला तो मोठा, गोल, भरलेला वाटला. शेकड्यालाच दुकानात ग्रोस म्हणत असतील, असं मी ठरवून टाकलं. विचारायचं होतं, पण अकरावी पास मुलगी पहिल्याच दिवशी 'म्हणजे किती' असं विचारते, हे मला जमेना.

चार दिवस काही बिघडलं नाही, कारण घाऊक गिऱ्हाईक मामाच सांभाळत. पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मामा मागे डबा खायला बसले होते आणि एक बाई आली. चाळिशीची, काळीसावळी, ताठ मानेची. खांद्याला कापडी पिशवी, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. भांडुपच्या एका वस्तीत, बालवाडीच्या खोलीत, बायकांचा शिवणवर्ग चालवते म्हणाली. बोलण्यात मराठवाड्याचा हेल होता.

"पांढरी, चार भोकांची, शर्टाची. दोन ग्रोस दे बाळा."

ग्रोसच्या तयार पुड्या फळीवर संपल्या होत्या, बरणीत सुटी बटणं होती. मी काउंटरवर ओतली आणि दहा-दहाचे ढीग करत वीस ढीग मोजले. दोनशे. दोनदा मोजली. कागदाच्या पुडीत बांधून दिली. शेठनी बिलावर दोन ग्रोस लिहिलं. बाईने पुडी तळहातावर तोलून बघितली, क्षणभर थांबली, पण बाहेर बस दिसली म्हणून धावत सुटली. मी स्वतःवर खूश होते. पहिलं घाऊक गिऱ्हाईक मी एकटीने केलं होतं.

शनिवारी सकाळी नवा माल आला. बटणं खोक्यात सुटी आली होती. मामांनी लहान तराजू काढला.

"ये, तुला वजनाची गंमत दाखवतो. एक ग्रोस हातानं मोजायचा, ह्या पारड्यात टाकायचा. मग मोजत बसायचं नाही, नुसती समोरच्या पारड्यात तेवढ्याच वजनाची बटणं टाकत जायची. प्रत्येक वेळी एक ग्रोस. मोज तू."

मी दहा-दहाचे ढीग करू लागले. मामांनी माझा हात धरला.

"दहा काय करतेस? बारा-बारा कर. बारा ढीग."

"बारा बारे... एकशे चव्वेचाळीस?"

"मग! बारा डझन म्हणजे ग्रोस. किती समजत होतीस?"

माझ्या हातातली बटणं तशीच राहिली. दोनशे आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी. काल दिलेल्या पुडीत अठ्ठ्याऐंशी बटणं कमी होती आणि बिल पुरतं घेतलं होतं. आधी वाटलं, गप्प बसावं. बाई परत आली नाही, म्हणजे कळलं नसेल. पण तिने पुडी तळहातावर तोलली होती ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी मामांना सांगितलं. सांगताना रडू फुटलं.

मामा रागावले नाहीत. शेठकडे गेले, खालच्या आवाजात काही बोलले. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बेन, अठ्ठ्याऐंशी नका नेऊ. पूर्ण ग्रोस न्या. बटण तुटतं, भोक बुजलेलं निघतं. उरेल ते परत आणा. जा, आत्ताच जा."

मामांनी बरणी पुढे ओढली. "आणि ह्याच बरणीतली ने. नव्या मालाचा पांढरा जरा पिवळट आहे. एका शर्टावर दोन रंग दिसतील."

मी बसने भांडुपला गेले. बालवाडीची खोली शोधायला फार वेळ लागला नाही, शिवणाच्या मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. आत सात-आठ बायका सतरंजीवर बसल्या होत्या. भिंतीशी दोरीवर पांढऱ्याशुभ्र शर्टांची रांग. वस्तीतल्या छत्तीस मुलींचं लेझीम पथक होतं आणि रविवारी सकाळी मैदानात त्यांचा कार्यक्रम होता. हे सगळं मला नंतर कळलं. आधी दिसली ती मधोमध बसलेली कालची बाई. एका तयार शर्टाच्या मनगटाचं बटण ती ब्लेडने उसवत होती.

तिने वर बघितलं. ओळखलं.

"आलीस? मला वाटलं, तुमच्या दुकानानं मारलं मापात."

"नाही हो काकू. मी चुकले. मला ग्रोस म्हणजे शंभर वाटलं."

एक तरुण बाई फिस्सकन हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पुडी घेतली, उघडली, एक बटण नखावर ठेवून उसवलेल्या बटणाशी लावून बघितलं. रंग जुळला. मग त्यांनी मला शेजारी बसवलं.

"शाळा किती?"

"अकरावी."

"मी चौथी. ऐक. शर्ट छत्तीस, म्हणजे तीन डझन. एका शर्टाला पुढं सहा बटणं, मनगटाला दोन. आठ. तीन डझन आठ वेळा, चोवीस डझन. चोवीस डझन म्हणजे दोन ग्रोस. एक बटण जास्त नाही, एक कमी नाही. बोटावर होतं का नाही?"

झालं होतं. मला ते गुणाकाराशिवाय कधीच जमलं नसतं.

"आणि दोनशेच निघाल्यावर काय केलंत?"

"काय करणार? दुकानात येऊन भांडायला वेळ कुणाला होता? निम्म्या शर्टांची काजं बाकी होती." त्यांनी दोरीकडे बोट केलं. "खालचं सहावं बटण खोचलं की दिसत नाही. ते सोडलं. पाच-पाच लावली, एकशे ऐंशी गेली. राहिली वीस. दहा पोरींच्या मनगटांना. पुढच्या रांगेत दहा पोरी आहेत, त्यांना दिली. मागच्यांनी बाह्या दुमडायच्या."

त्या हिशेबात कुठेच फट नव्हती. मागच्या रांगेत कोण कोण, हे मी विचारलं नाही. पण फिस्सकन हसलेल्या बाईनेच सांगितलं, "ह्यांची स्वतःची पोरगी मागंच आहे. तिच्याच शर्टाचं बटण उसवत होत्या मघाशी. आधी आठही बटणं लावून ठेवली होती ना, कालच!"

काकू तिच्यावर ओरडल्या, "तू दोरा ओव. गप्पा मारू नकोस."

मी उठून निघणार होते. निरोप पोचला, बटणं पोचली. पण समोर सव्वीस शर्टांची मनगटं उघडी होती आणि छत्तीस शर्टांचं खालचं बटण. मी पदर खोचला आणि सुई मागितली. काकूंनी आधी माझं काम बारकाईने बघितलं, माझं पहिलं बटण ओढून काढलं आणि म्हणाल्या, "इतकं घट्ट नको. खाली काडेपेटीची काडी ठेव, वरून शिव, मग काडी काढ आणि दोरा भोवती गुंडाळ. बटणाला मान पाहिजे." पुढची बटणं त्यांनी ओढली नाहीत. मध्येच कुणी चहा केला, कुणी बशीत भाजलेले शेंगदाणे ठेवले. डझन पूर्ण झाला की बारावं बटण लावणारी बाई मोठ्याने "एक!" "दोन!" असं ओरडायची आणि काकू खडूने फरशीवर रेघ मारायच्या. सात रेघा झाल्या आणि वर चार बटणं, तेव्हा दिवे लागले नव्हते अजून. अठ्ठ्याऐंशी.

दोन बटणं लावताना फुटली होती. उरलेली त्यांनी माझ्यासमोर मोजली. साडेचार डझन. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून माझ्या हातात दिली.

"शेठला सांग, दोन फुटली. फुटलेली पण देते, नाहीतर म्हणतील बाईनं ठेवून घेतली."

रविवारी सकाळी मला सुट्टी होती. आईला दुकानाचं काम आहे असं सांगून मी भांडुपला गेले आणि मैदानाच्या कडेला त्या बायकांमध्ये उभी राहिले. ढोल सुरू झाला. छत्तीस मुली, छत्तीस पांढरे शर्ट, हात एकदम वर. लेझमीचा आवाज छातीत घुमत होता. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, दोन वेण्यांची मुलगी काकूंची, असं त्या तरुण बाईने मला कोपराने ढोसून दाखवलं. तिची मनगटं बंद होती. काकू कार्यक्रम बघतच नव्हत्या, ओठांत काहीतरी मोजत होत्या. बहुधा पावलं.

नंतर मी त्या दुकानात सहा वर्षं काढली. काकू दर महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. मामा समोर मोकळे उभे असले तरी त्या मलाच हाक मारायच्या आणि बाकड्यावर बसून म्हणायच्या, "मोज, ऐकू दे." मग मी मोठ्याने मोजत बारा-बाराचे ढीग करायचे. एकदा त्यांनी एक ग्रोस टिचबटणं मागितली. मी टिचबटणं टोचलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरच्या बारा ओळी दाखवल्या, प्रत्येक ओळीत बारा जोड्या, म्हणजे तुकडे दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यांनी पत्ते उलटसुलट केले, माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवशी मोजायला न लावताच पिशवीत टाकले.

"आता पुढच्या वेळेपासून नाही मोजलंस तरी चालेल," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा सवयीने मी मोजायला लागले, आणि त्यांनीही थांबवलं नाही.