कबुतराची म्हणून सांगितलेली दोन अंडी

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी काय करावं याबद्दल घरात सगळ्यांची मतं होती. बाईंनी कुणाचंच ऐकलं नाही आणि दुसऱ्यांना सापडलेली पिसं ओळखायला घेतली. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. कुणाला अंगणात पीस सापडे, कुणाला कुंडीत घरटं, कुणाला जिन्यात फुटकं अंडं. फोटो पडायचा अवकाश, की बाईंचं उत्तर हजर. ग्रुपवर त्यांना पीसबाई म्हणत. त्या वरवर रागावत, पण आतून त्यांना ते नाव फार आवडे.

त्यांचे नियम कडक होते. एक फोटो जवळून, एक लांबून. शेजारी मोजपट्टी, नाहीतर काडेपेटी, म्हणजे आकार कळतो. आणि हात लावायचा नाही. नियम मोडणाऱ्याला त्या शाळेतल्यासारखं उभं करत. एकाने टॉवेलवर ठेवलेल्या पिसाचा फोटो टाकला, तेव्हा त्यांनी पिसाऐवजी टॉवेल किती मळलाय तेच सांगितलं होतं. त्याने पुढे बरेच दिवस तोंड दाखवलं नाही.

एवढ्या मोठ्या बाईंना एकच दुखणं होतं, आणि ते म्हणजे ग्रुपवरचे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांनाही पक्षी कळत. पण बाईंना खुपायचं ते दुसरंच: डॉक्टर उत्तर भराभर टाइप करत. स्क्रीनवर त्यांचं नाव आणि 'लिहीत आहेत' असं दिसलं, की बाईंचा चहा निवायचा. यजमान पेपरातून मान वर न काढता विचारायचे, "काय गं, दात काढताहेत का तुझे डॉक्टर?"

त्या सकाळी ग्रुपवर फोटो आला तो घरचाच. यजमानांचा पुतण्या एका धान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होता. नीटनेटका म्हणजे किती, तर त्याच्या गोदामात पोत्यांनीसुद्धा रांग मोडायची नाही. छताजवळच्या झरोक्यामागे एक कोनाडा होता. तिथून पक्षी आत येतात म्हणून जाळी बसवायचं ठरलं होतं, आणि जाळीवाला दुपारी येणार होता. काकूंनी मागे दम दिला होता, की आधी विचारल्याशिवाय कुठलंही भोक बुजवायचं नाही. म्हणून त्याने शिडी लावून फोटो काढला. स्वच्छ सिमेंटवर दोन पांढरी अंडी, शेजारी मोजपट्टी, अगदी सरळ ठेवलेली. खाली लिहिलं होतं, 'काकू, कोणाची?'

बाईंनी लांबी मोजली. पट्टीवर चार सेंटिमीटरच्या आसपास. पांढरी, दोन, इमारतीतल्या कोनाड्यात. तेवढ्यात स्क्रीनवर डॉक्टर लिहू लागले. बाईंनी क्षणाचाही विचार न करता टाकलं, 'कबूतर.' डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. मग त्यांच्याकडून नुसता एक अंगठा आला. बाईंनी समाधानाने चहाचा घोट घेतला. चहा अजून गरम होता.

पुतण्याने लिहिलं, 'मग अंडी काढून जाळी लावून घेतो.'

बाई भाजी निवडायला बसल्या, पण मन भाजीत लागेना. काहीतरी खुपत होतं. कबूतर घर बांधण्यात आळशी असतं हे खरं. चार काड्या टाकल्या की झालं त्याचं घरटं. पण त्या चार काड्या तरी असतात. इथे तर एकही नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅश मारून काढलेला फोटो, तरी अंड्यांवर चमक नव्हती. कबुतराचं अंडं कसं गुळगुळीत, चकाकणारं असतं. ही तर खडूसारखी दिसत होती.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि पुतण्याला फोन लावला. "अरे, त्या कोनाड्यात काड्या कुठे आहेत?"

"काड्या नव्हत्याच, काकू. कचरा होता सगळा. फोटो ग्रुपवर जाणार, एवढे जाणते लोक बघणार, म्हणून मी आधी छान झाडून घेतलं. अंडी उचलली, झाडलं आणि परत जागच्या जागी ठेवली."

बाईंनी कपाळावर हात मारला. "कसला कचरा?"

"काळ्या गोळ्या गोळ्या. वाळलेल्या. शी, नका विचारू."

"कुठे टाकल्यास?"

"कचऱ्याच्या डब्यात. काकू, तुम्ही असं का बोलताय? मी काय चोरी केली का?"

"एक काढ, मोड आणि फोटो पाठव. आत्ताच्या आत्ता."

फोटो आला तेव्हा बाई उभ्या राहिल्या. अंगठ्याएवढी काळपट गोळी, मोडलेली. आत करड्या केसांचा गच्च लगदा, आणि त्यात उंदराची इवलीशी कवटी. पुढचे लांब पिवळट दात शाबूत होते. कबूतर दाणे खातं. उंदीर गिळून त्याचे केस आणि हाडं अशी गोळी करून ओकतं ते घुबड. आणि गोदामांच्या माळ्यावर राहणारं, काड्या न आणता त्याच गोळ्यांच्या भुग्यावर अंडी घालणारं, म्हणजे गव्हाणी घुबड. ते एका वेळी दोनच अंडी घालून थांबत नाही. दोन-तीन दिवसांआड एकेक घालत जातं. म्हणजे या मादीचं अंडी घालणं आत्ता कुठे सुरू झालं होतं, आणि पुतण्याने तिच्या अंथरुणाला केरसुणी लावली होती.

बाईंनी पुन्हा फोन केला. मागे शिडी सरकवल्याचा आवाज येत होता.

"जाळीवाला आलाय, काकू. अंडी काढायला वर चढतोय."

"उतरव त्याला." बाईंचा आवाज शाळेतला झाला, आणि मग एकदम उतरला. "मी चुकले रे. कबूतर नाही ते, घुबड आहे. तुझ्या गोदामातले उंदीर फुकट खातंय. शिडी काढा, दिवा बंद करा, कुणी वर जाऊ नका. डब्यातला तो कचरा मात्र आधी एकदाच हलक्या हाताने अंड्यांखाली परत टाकून ये."

"झाडलेला कचरा परत टाकू?" पुतण्याचा आवाज रडवेला झाला.

"टाक."

"अंड्यांची आई येईल ना परत?"

बाईंना माहीत नव्हतं. अंडी घालायच्या दिवसांत छेडलं तर घुबड जागा सोडून जातं, कधी जात नाहीही. त्यांनी ते तसंच सांगितलं. दुपारभर त्यांना जेवण गेलं नाही. एका डॉक्टरच्या पुढे राहायचं म्हणून आपण दोन जिवांचा निकाल लावला, ही लाज त्यांना बोचत होती. यजमानांनीही चेष्टा केली नाही. ते नुसते चहा करून द्यायला उठले, आणि साखर घालायला विसरले.

दिवेलागणीला फोन वाजला. पुतण्या कुजबुजत होता. "काकू, मी बाहेर उभाय. अंधारात फोटो येत नाही. ऐका."

फोनमधून आधी नुसतीच शांतता आली. मग जाड कापड टराटरा फाडावं तशी एक लांब किंचाळी. यजमानांच्या हातातला पेपर खाली पडला.

"झरोक्यातून आत गेली," पुतण्या म्हणाला. "पांढरीफटक होती. काकू, आहात ना?"

"आहे रे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. मग त्यांनी ग्रुप उघडला आणि सावकाश एकेक अक्षर टाइप केलं: 'सकाळची ओळख चुकीची होती. गव्हाणी घुबड. चूक माझी, घाई केली.'

लगेच दिसलं, डॉक्टर लिहीत आहेत. बाई वाट पाहत बसल्या. लिहू दे, म्हणाल्या, हवा तेवढा वेळ घेऊ दे.