घागरींच्या आड जे होतं

त्या वर्षी लातुरात पाणी रेल्वेने येत होतं आणि आमच्या स्टुडिओत काम कुठूनच येत नव्हतं. स्टुडिओ म्हणजे एका मेडिकल दुकानाच्या माडीवरची खोली. माझा भागीदार लग्नांचं शूटिंग करायचा आणि मी कॉम्प्युटरवर त्याला रूप द्यायची. दुष्काळात लोकांनी लग्नं पुढे ढकलली, उरलेली देवळात उरकली. देवळात उरकलेल्या लग्नाला कोण कशाला सिनेमा करून घेतो?

तेवढ्यात चाकूर ओलांडून पुढे गेल्यावर लागणाऱ्या एका गावातून निरोप आला. त्या गावाला जिल्हा व्हायचं होतं. गावातल्या व्यापाऱ्यांनी कृती समिती केली होती, रास्ता रोको करून झाला होता, आता त्यांना एक फिल्म हवी होती. मंत्रालयातले मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते, त्यांना दाखवायला. समितीचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं तोलूनमापून. "टँकरची मंजुरी लातूरहून येतीय. तोवर माणूस वाळून जातंय. जिल्हा झाला की कलेक्टर इथंच बसंल. एवढंच दाखवा," म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं, कारण माझी आत्या त्याच गावात राहते. नवरा गेल्यापासून एकटी. गुडघे गेलेले, त्यामुळे टँकर आला की बाकीच्या बायकांसारखं पाइपामागे पळणं तिला जमत नाही. तिला पाणी मिळायचं ते फक्त नंबरामुळे. नंबर म्हणजे घागर. पिंपळाच्या पारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत घागरींची रांग लागायची आणि माणूस तिथे असो नसो, घागर जागेवर असली की नंबर पक्का. मात्र घागर जागची हलली की नंबर गेला. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, पण त्यावरून तिथे डोकी फुटलेली आहेत. आत्याची घागर स्टीलची, पोटाला मोठा पोचा पडलेली. सगळी गल्ली त्या पोच्यावरून तिला ओळखायची.

भागीदाराचा चांगला कॅमेरा दुरुस्तीला हैदराबादला गेला होता, म्हणून आम्ही समितीतल्या कुणाचा तरी जुना हँडीकॅम घेतला. पहिल्याच सकाळी फिल्मचा शेवटचा शॉट मिळाला. पुढे घागरींची रांग, तिच्या मागे दगडावर आत्या बसलेली, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. मी तिला बस म्हटलं नव्हतं. ती रोज तशीच बसायची.

लातूरला येऊन पाहिलं, तर सगळंच सारखं लख्ख. त्या कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर नखाएवढा, त्यात जवळची घागर आणि लांबचा पिंपळ दोन्ही स्पष्ट येतात. भागीदाराचं तोंड उतरलं. "ताई, हे न्यूज चॅनलसारखं दिसायलंय. पिक्चरसारखं पाहिजे. घागरी धूसर, आत्याचा चेहरा कडक."

ते कॉम्प्युटरवर करता येतं. कोणती वस्तू किती लांब आहे ते करड्या रंगात रंगवून द्यायचं, मग सॉफ्टवेअर त्या अंतराप्रमाणे धूसर करत जातं. मी रंगवून दिलं. समोर आलं ते बघून मला माझाच राग आला. घागरी आतून धूसर झाल्या होत्या, पण त्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या तशाच. पुठ्ठ्याच्या घागरी उभ्या केल्यात असं वाटत होतं.

खऱ्या लेन्समध्ये असं होत नाही. जवळची वस्तू फोकसबाहेर गेली की ती आपल्या हद्दीत राहत नाही, तिची कड विरघळून मागच्या स्पष्ट वस्तूवर पसरते. आत्याच्या गुडघ्यांवर घागरीची कड धुक्यासारखी चढायला हवी होती. म्हणून मी घागरी मूळ चित्रातून वेगळ्या कापल्या, एकेका फ्रेमवर कड गिरवत. त्यांचा रंग आणि त्यांचा आकार एकत्र धूसर केला आणि तो थर आत्याच्या वर ठेवला. आता कड बाहेर सुंदर पसरली. पण कड पातळ झाली म्हणजे तिच्यातून मागचं दिसायला हवं. मागचं होतं कुठे? घागरीने झाकलेला आत्याचा पदर, दगड, माती कॅमेऱ्याने पाहिलीच नव्हती. मागच्या थरात अजून त्याच घागरी कडक उभ्या होत्या आणि धुक्यातून त्यांच्या कडा भुतासारख्या डोकावत होत्या.

मधल्या काळात अध्यक्षांचा तगादा सुरू झाला, म्हणून भागीदाराने अर्धंमुर्धं काम त्यांना मोबाइलवर पाठवलं. पाठवण्याआधी त्याने एकदा तपासायला हवं होतं. उन्हात स्टीलवर चमकणारे ठिपके धूसर होऊन मोठे होतात आणि लेन्सच्या भोकाचा आकार घेतात. भोक सहा पात्यांचं असेल तर षटकोनी, पूर्ण उघडं असेल तर गोल. सॉफ्टवेअरमध्ये तो आकार आपण द्यायचा असतो, आणि आमच्याकडे लग्नसराईपासून एकच आकार ठेवलेला होता, बदामाचा. वरातीतल्या दिव्यांचे बदाम झाले की नवरीकडचे खूश व्हायचे. अध्यक्षांचा फोन आला. "अहो, दुष्काळ हाय का शादी हाय? घागरीवर बदाम कशाला उडायलेत?"

मी पोट धरून हसले. त्या सगळ्या महिन्यांत तेवढंच एकदा हसले असेन.

आकार गोल केला. भागीदाराला उभट अंडाकृती हवा होता, मोठ्या पडद्याच्या सिनेमात असतो तसा. मी म्हटलं, आधी गोल तर जमू दे. ठिपके जमतही नव्हते, कारण हँडीकॅमने कडक उन्हातली चमक नुसती पांढरी करून टाकली होती, ती पसरली की राखेच्या रंगाची व्हायची. धूसर करण्याआधी त्या ठिपक्यांचा उजेड मी हाताने कितीतरी पट वाढवला, तेव्हा कुठे घागरींवर खरे वाटणारे चांदीचे गोळे आले.

राहिला घागरींच्या आडचा भाग. मी भागीदाराला सांगितलं, की आहे त्या पदराचे तुकडे इकडून तिकडे चिकटवून मी तो रंगवते, कडेपुरतीच पट्टी लागते, कुणाला कळणार नाही. तो ऐकेना. "क्लीन प्लेटच घेऊ, ताई. तोच कोन, तोच दगड, आत्या तशीच बसलेली, फक्त घागरी नाहीत. दोन मिनिटांचं काम." उजेड आणि सावल्या जुळायला हव्या होत्या, म्हणून वेळही तीच हवी होती. ती वेळ टँकरची होती. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, टँकर काय रोज येतो का?

त्यात त्याचं चुकलं नव्हतं. टँकर रोज येत नव्हता, आणि म्हणूनच तो येईल तेव्हा घागर जागेवर असावी लागायची.

अध्यक्षांनी स्वतः येऊन गल्लीतल्या बायकांना समजावलं. घागरी फक्त दोन मिनिटं बाजूला, प्रत्येकीच्या जागी खुणेला तिचा दगड. बायका कुरकुरल्या. सगळ्यांत आधी आत्या उठली. त्या दिवशी तिचा नंबर पहिला होता. तो कसा मिळाला ते मला माहीत आहे, घागर कुणी मागे सरकवू नये म्हणून ती आदल्या दिवसापासून तिथून हलली नव्हती. "काढू द्या गं," ती म्हणाली. "माझी भाची हाय. सायबाला दाखवायचंय. जिल्हा झाला की टँकर इथूनच सुटंल, मग कशाला नंबर नि फिंबर?" आणि पोचा पडलेली घागर तिने स्वतः उचलून भिंतीला ठेवली. मग बाकीच्यांनीही उचलल्या.

आत्या पुन्हा दगडावर बसली. मी मॉनिटरवर जुनी फ्रेम बघत तिला सांगत होते, डावा हात जरा खाली, पदर गुडघ्यावर. तिने निमूट सगळं केलं. रांगेच्या जागी नुसते दगड होते. चित्र पाहिजे तसं मिळालं. भागीदाराने अंगठा दाखवला आणि त्याच वेळी कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

पुढचं मला सविस्तर सांगवत नाही. टँकर पारापाशी थांबला, त्याच्या चाकाखाली पुढचे दगड इकडेतिकडे झाले आणि कुणाचा दगड कोणता हे विचारायला कुणी थांबलं नाही. ज्या पळू शकत होत्या त्या घागर घेऊन पळाल्या. मी आत्याची घागर घेऊन घुसायला गेले, तर एकीने मला ढकललं, "तू गावातली हाईस का?" अध्यक्ष ओरडत होते, त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. टँकर रिकामा झाला. आत्या दगडावरून उठली, पण पारापर्यंत पोचली नाही. तिने घागर माझ्या हातातून घेतली आणि पालथी करून पाहिली. मला तेव्हा रडू आलं. तिला नाही आलं.

शेजारणीने तिला एक तांब्या दिला. बाकी आम्ही लातूरहून आणलेल्या बाटल्या.

शॉट मात्र झाला. घागरींच्या कडा आत्याच्या पदरावर अशा विरघळल्या की कुठे घागर संपते आणि कुठे आत्या सुरू होते ते सांगता येऊ नये. साहेबांनी विश्रामगृहावर फिल्म पाहिली. "अगदी पिक्चरसारखं केलंय हो," म्हणाले आणि कोणत्या कॅमेऱ्यावर काढलं ते विचारलं. भागीदाराने हँडीकॅम सांगितलं, तेव्हा त्यांना खरं वाटेना. मग चहा झाला, हार झाले, गाड्या निघाल्या. जिल्हा झाला नाही. मंजुऱ्या लातूरहूनच येत राहिल्या आणि उशिरानेच येत राहिल्या. पुढच्या लग्नसराईआधीच आम्ही माडीवरची खोली सोडली.

त्याआधी एकदा आत्याकडे गेले होते. ती पारापाशी होती, घागर रांगेच्या शेपटाला. मी मोबाइलवर तिला शेवटचा शॉट दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ह्यात माझी घागर कोणती?"

मी बोट ठेवलं. तिची कड मी इतक्या वेळा गिरवली होती, की डोळे मिटूनही दाखवली असती. तिथे एक करडा पसारा होता आणि त्यावर चांदीचा एक सुंदर गोळा.

"पोचा कुठाय?"

"धूसर केलंय ना आत्या, तो दिसत नाही."

तिने आणखी एकदा पाहिलं आणि मोबाइल मला परत दिला.

"मग सायबाला कसं कळावं लेकरा," ती म्हणाली, "पहिला नंबर माझा होता म्हणून?"