ताटातली चौथी पोळी

पारुबाईंना कुणी म्हटलं, "मावशी, पोळ्या जरा मोठ्या करा," तर त्या मोठ्या करीत. कुणी म्हटलं, "जरा लहान करा," तरी मोठ्याच करीत. सांगणारीचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मग आपल्या मनाचं करायचं, अशी त्यांची रीत. हिंगोलीला आम्ही डी.एड.ला होतो, तेव्हा मुलींच्या वसतिगृहाची मेस त्यांच्या हातात होती. सेनगावकडच्या तांड्यावरून आलेल्या, पन्नाशीच्या, उंचपुऱ्या. कोपरापर्यंत बांगड्या होत्या आणि पोळी लाटताना त्यांचा आवाज अंगणापर्यंत यायचा. तो आवाज थांबला की आम्ही ओळखायचो, बाई कुणावर तरी भडकलीय.

मी त्यांच्यावर दोन वर्षं चिडले आणि दोन वर्षं त्यांच्या हातचं पोटभर जेवले. माझा राग असा कधीच टिकला नाही. वरणाला फोडणी घालायला लागल्या की तो निम्मा उतरायचाच.

माझ्या खोलीत पुनम राहायची. नरसीच्या पुढच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, गणितात हुशार. तिला लहानपणापासून साखरेचा आजार होता, इंजेक्शनवाला. म्हातारपणी होतो तो नव्हे. या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन तयारच करत नाही, ते रोज बाहेरून टोचून घ्यावं लागतं. ती औषधाची बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून खोलीतल्या माठाच्या थंडाव्यात ठेवायची, आणि वसतिगृहात हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. लग्नाच्या वयाची पोर, कुणाच्या तोंडून काय कुठं जाईल, म्हणून.

पहिल्याच महिन्यात ती वर्गात कोसळली होती; बाकीच्यांना ती उपासाची चक्कर वाटली. तेव्हा तिचे वडील किसनराव येऊन बजावून गेले होते, "पुन्हा असं झालं तर डी.एड. राहिलं, मी तुला घरी घेऊन जाईन. जीव महत्त्वाचा." वडील वाईट नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस समजावून सांगायच्या पलीकडे गेलेला असतो.

नांदेडच्या डॉक्टरांनी पुनमला पक्कं सांगितलं होतं की जेवण जेवढं, इन्सुलिन तेवढं. जेवायच्या अर्धा तास आधी टोचायचं. पोळ्या वाढल्या तर डोस वाढवायचा, कमी झाल्या तर कमी करायचा. जास्त टोचलं आणि कमी खाल्लं तर साखर घसरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस पडतं. घरी आई मोजून वाढायची. इथं मात्र पारुबाईंच्या हाताला मोजमाप नव्हतं. म्हणून पुनमने एक चिठ्ठी लिहिली आणि मेसच्या खिडकीत पोळपाटाखाली ठेवली.

चिठ्ठीत तिने विचारलं होतं: मावशी, एक किलो पिठाच्या किती पोळ्या करता? वरणाच्या पळीत किती वाट्या मावतात? भाताचा एक डाव म्हणजे किती वाट्या? कृपया सांगावे. खाली नाव होतं, कारण मात्र लिहिलं नव्हतं. लाजेपोटी.

पारुबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी मेसचे मालक नरसिंगराव यांच्याकडून वाचून घेतली. पारुबाईंच्या आधीच्या बाईला नरसिंगरावांनी पीठ पळवल्याच्या संशयावरून काढलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचलं, आणि म्हणाले, "किलोला किती पोळ्या? चांगलं विचारलंय पोरीनं. मलाबी ऐकायचंय."

झालं. बांगड्या थांबल्या.

सकाळच्या जेवणाला पारुबाई कमरेला पदर खोचून ताटांच्या रांगेसमोर उभ्या राहिल्या. "पुनम कोण हाय? उभी ऱ्हा." पुनम उभी राहिली. "माझ्या हाताखाली किलोला किती होतात ते इचारून राहिली व्हय तू? मी पीठ घरी नेते म्हणून? माझं घर इथून सहा कोस, डोक्यावर पीठ घेऊन जाते का मी? इचारायचं तर तोंडानं इचार ना, छोरी. चिठ्ठी काहून?"

पुनमचा चेहरा पांढरा पडला. बाकीच्या मुली खाली मान घालून वरणात पोळी कुस्करत राहिल्या, कारण वरण गरम होतं आणि भांडण फुकटचं.

मला राग आला. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाजूला या." त्या बाजूला येईनात. मग त्या आत वळल्या तशी पुनमच त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेली, मीही गेले. तिने खोलीतून औषधाची बाटली आणून दाखवली आणि सगळं सांगितलं. तिच्या मेसमधल्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं भाषण असेल.

पारुबाई ऐकत राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "रोज सुई?"

"रोज, मावशी."

"आणि ती मी वाढलेल्या पोळीवर ठरती?"

"व्हय."

मग त्यांनी जे केलं ते मी विसरलेले नाही. नरसिंगरावांना हाक मारली. "ओ मालक, या इकडं. तुमाला किलोचं ऐकायचं व्हतं ना? मग मोजून घ्या. तीस व्हतील." त्यांच्याच तराजूत एक किलो पीठ तोलायला लावलं, मळलं, आणि उंडे करायला बसल्या. तीस झाले, आणि त्यांच्या हाताचा नेहमीचा अंदाज खरा निघाला म्हणून त्यांनी मालकांकडे असं पाहिलं की ते हिशेबाच्या खोलीत निघून गेले. पळीत वाटीने पाणी ओतून पाहिलं, दोन वाट्या बसल्या. भाताचा डाव दाबून भरला की दीड वाटी, सैल भरला की एक. "मग आता एक असाच सैल," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुनमने कागदावर नोंद केली. तिच्या सकाळच्या जेवणाला बसायचं असं: तीन पोळ्या, एक पळी वरण, एक सैल डाव भात.

"तीन?" पारुबाईंनी विचारलं.

"तीन, मावशी. नक्की."

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

आमच्याकडे ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत. मेलेल्या माणसाच्या नावानं तीन ठेवतात म्हणतात. भरल्या घरात कुणाच्या पानात तीन आल्या तर वाढणारी लगेच चौथीचा तुकडा टाकते. हे कुणी शिकवत नाही, हात आपोआप करतो. आणि ज्या लेकराला रोज सुई टोचून जगावं लागतं, त्याच्या ताटात तीन? पारुबाईंचा हात तीनच वाढेल, असं आम्ही समजलो, हीच आमची हुशारी.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, पुनमने जेवणाच्या अर्धा तास आधी खिडकीशी जाऊन विचारलं, "मावशी, आज किती?"

"चार. गुमान खायच्या."

पुनमला वाटलं, मावशीला दया आली, एक पोळी वाढवली. खाणं वाढलं तर इन्सुलिनही वाढवायला हवं. तिने हिशेब केला आणि डोस तसा वाढवला. इकडे पारुबाईंनी काय केलं होतं, तर तीन पोळ्यांचंच पीठ घेऊन त्याचे चार उंडे केले होते. पीठ तिनाचं, पोळ्या चार. पुनमचा हिशेब बिघडू नये आणि ताट अशुभही दिसू नये! मनापासून केलेला उपाय होता तो, आणि नेमका तोच पुनमच्या जिवावर उठला. त्या जराशा लहान चार पोळ्या पुनमने वरणात कुस्करून खाल्ल्या. कुस्करल्यावर आकार कोण बघतो?

दुपारी ती अंगणात बसली होती. किसनराव तिला भेटायला आले होते, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. बोलता बोलता तिचं बोलणं लांबायला लागलं. कपाळाला घाम आला, हात थरथरू लागले. मी धावत मेसमध्ये गेले, "मावशी, साखर," एवढंच म्हणाले. पारुबाई डबाच घेऊन माझ्या पुढे पळाल्या. मी साखर पाण्यात कालवून पुनमला घोट घोट पाजली. ती गिळत होती, शुद्धीवर होती, हे नशीब. पंधरा-वीस मिनिटांत तिचा रंग परत आला. मग पारुबाईंनी एक पोळी आणून समोर बसून खायला लावली.

"कसं झालं?" मी विचारलं, "मावशी, पोळ्या चार होत्या ना?"

पारुबाईंनी खाली बघत सांगितलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता. "पीठ तिनाचंच व्हतं, पोरी. चार केल्या. तीन हाताला न्हाई जमलं."

किसनरावांनी हे सगळं ऐकलं. मग शांतपणे म्हणाले, "बास. आता सामान बांध, पुनम. इथं तुझी कुणाला कदर न्हाई." पुनम रडली नाही, भांडली. "बाबा, चूक झाली. पण एकदा कळलं ना आता." किसनराव ऐकेनात. ट्रंक ओढायला ते स्वतः खोलीत गेले. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याची कीवही आली. तो ट्रंक ओढत होता आणि दर दोन पावलांनी मागे वळून मुलीचा चेहरा बघत होता.

पारुबाई म्हणाल्या, "पाहुणे, उपाशी जाऊ नका. पाच वाजता मेस सुरू होते, जेवून मंग काय न्यायचं ते न्या." जेवणाला नाही म्हणता येत नाही. किसनराव थांबले.

संध्याकाळी त्यांना पानावर बसवलं, शेजारी पुनमला. पुनमने आधीच विचारून, पारुबाईंनी "तीन, नेहमीच्या" असं चार वेळा सांगितल्यावरच, अर्धा तास आधी टोचून घेतलं होतं. पारुबाई आल्या. पुनमच्या ताटात एक पोळी ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवायला जरा वेळ लागला. डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटल्या, बहुधा तांड्यावरच्या देवाची माफी मागितली असेल, आणि ठेवली.

किसनरावांनी ताटाकडे पाहिलं. स्वतःच्या ताटातली पोळी मोडली, आणि अर्धा तुकडा पुनमच्या ताटात टाकला.

पारुबाईंनी त्यांचं मनगट धरलं. परक्या माणसाचं, भर पंगतीत. सगळ्या मुली जेवायच्या थांबल्या.

"उचला ती," त्या म्हणाल्या.

"अहो, लेकराच्या ताटात तीन..."

"मलाबी तसंच वाटलं व्हतं. सकाळी मी तेच केलं, आन् तिचं काय झालं ते तुमी बघितलं. तुमी तिला घरी नेसान. तिथं तुमी हाय, तिची माय हाय, आजी असंल, चुलत्या असतील. जो तो असाच एकेक तुकडा टाकील. कुणाकुणाचा हात धरसान?"

पारुबाईंनी मनगट सोडलं. मग किसनरावांनी तो अर्धा तुकडा पुनमच्या ताटातून उचलला, आपल्या ताटात ठेवला आणि खाली मान घालून जेवू लागले. जेवण संपल्यावर हात धुतले आणि पारुबाईंना म्हणाले, "ट्रंक खोलीत परत ठेवतो, बाई. दिवाळीला ती घरी येईल, तेव्हा तिच्या आजीला मी सांगतो. पण आजी माझं ऐकणार न्हाई. तुमीच या दोन दिवस."