दयारामचं दुसरं भोक

दयाराम माणूस वाईट नाही, पण त्याच्यासमोर चहात साखर घातली तर तो डबा किती खाली गेला ते बघतो. तीस वर्षं न्हावा शेवा बंदराच्या गेटवर कंटेनरची सीलं तपासली त्याने. नंबर वहीत लिहायचा, सील दोनदा ओढून बघायचं, मगच ट्रक सोडायचा. निवृत्त होऊन दिवेआगरला आला आणि आता गॅसच्या सिलिंडरचं सील ओढतो, दुधाची पिशवी उलटीसुलटी करून बघतो. मी त्याची शेजारीण, छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली. माझ्या वाडीतला नारळ त्याच्या अंगणात पडला तरी तो आधी माझ्याकडे संशयाने बघतो.

त्याची मुलगी तेजस्वी एका शिपिंग एजंटाकडे कागदपत्रांचं काम करते. घरून काम करू द्या, असा तिने अर्ज केला होता. मंगळवारी अकरा ते बारा ऑफिसने तिची चाचणी ठेवली: स्क्रीन दाखवत, बोलत, तासभरात कागद पुरे करायचे. मध्येच कॉल तुटला तर परत उरणला, ऑफिसजवळच्या भाड्याच्या खोलीत.

मंगळवारी लाईनच्या कामासाठी दहाला वीज जाणार होती. ती गेली आठलाच. नेट तिच्या मोबाईलवरून चालायचं, प्रश्न लॅपटॉपचा होता. तेजस्वीने त्या जुन्या लॅपटॉपवर सकाळभर तयारी केली आणि अकराला बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली. घाबरली नाही, कारण सोमवारीच बाप-लेकीने श्रीवर्धनहून पॉवर बँक आणली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत ६५ वॅट. लॅपटॉपचा चार्जरही तेवढ्याचाच.

"डब्यावर काय, कुणीबी छापतं," दयाराम म्हणाला. "त्या दुकानदाराचे डोळे मला तेव्हाच पटले न्हाय."

तिने पॉवर बँक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जाड वायर आत नेली आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर पडवीत, खिडकीखाली. पाच मिनिटांनी आतून ती म्हणाली, "अठरा झाले, बाबा. वाढतायत."

"वाढू दे. पुरावा पायजे," असं पुटपुटत दयाराम पॉवर बँकेच्या दिव्यांचे फोटो काढायला लागला. दर पाच मिनिटांनी एक. फसवणूक निघाली तर दुकानदाराच्या तोंडावर मारणार होता.

साडेअकराला खिडकी करकरली. तेजस्वीने माईक बंद केला होता. "बाबा, चोवीसवर गेली होती, आता सोळा. स्लो चार्जर असं लिहून येतंय. हे काय चाललंय?"

"सांगितलं न्हवतं? फसवलं." दयारामचा चेहरा उजळला होता, लाज वाटायला हवी त्याला. "बाई, तुम्ही साक्षीदार हाय. बघा, समदं फोटोत हाय."

"दाखव तो फोन," मी म्हटलं.

फोन त्याच्या मांडीवर होता. त्याची वायर वर कट्ट्याकडे गेली होती.

"हा कधी लावलास?"

"मघाशी. फोटो काढून काढून संपत आला. भोक रिकामं होतं, फुकट कशाला घालवायचं?"

मी पॉवर बँक उलटी केली, चष्मा कपाळावर घेऊन डोळ्यांजवळ धरली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: एकच पोर्ट वापरल्यास ६५ वॅट, दोन्ही वापरल्यास प्रत्येकी ३०.

"तीस वर्षं सीलांचे नंबर वाचलेस," मी म्हटलं, "आणि हे नाही वाचलंस? दुसरी वायर घातली की ही बँक दोघांशी पुन्हा बोलणी करते आणि लॅपटॉपला निम्म्याहून कमी देते. तो खातोय चाळीस, मिळतायत तीस. उरलेले बॅटरीतून जातायत. काढ."

"फोटो पण…"

"बाबा, काढा ना," आतून तेजस्वी म्हणाली. ती हळू बोलली, म्हणून त्याने ऐकलं.

त्याने वायर उपटली. क्षणभर चार्जिंग बंद पडलं, मग परत सुरू झालं. खिडकीतून मी आकडा बघत बसले: सोळा, सोळा, सतरा. बोलायचं नाही असं ठरलेलं असूनही दयाराम दोनदा कुजबुजला, "वाढतंय का?" बारा वाजले तेव्हा अठ्ठावीस झाले होते आणि कागद गेले होते.

संध्याकाळी ऑफिसचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून घरूनच.

दुसऱ्या दिवशी मी पेपर परत द्यायला गेले, तर दयाराम कट्ट्यावर काहीतरी करत होता. पॉवर बँकेच्या दुसऱ्या भोकावर त्याने लाल चिकटपट्टी लावली होती, तिच्यावर पेनाने नंबर घातला होता, आणि तोच नंबर वहीत उतरवला होता.

"कुणापासून जपतोस रे?" मी विचारलं.

त्याने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग पट्टीचं टोक धरून दोनदा ओढून बघितलं.