पट्टा घट्ट आवळल्यावर

अविनाश जन्माचा भित्रा. पनवेलच्या घरातून निघताना गॅस दोनदा बंद करणारा, पाल दिसली तर बायको रुचिराला हाक मारणारा. आपटा गावाजवळच्या औषधी कारखान्यात तो देखभाल इंजिनियर आणि बायको तिथेच केमिस्ट, हा देवाचाच विनोद म्हणायचा.

त्या सकाळी तो कारखान्याच्या गच्चीवर गेला. खालच्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या द्रावकांच्या, खोलीतली वाफ ओढून घेणारा पंखा तिथल्या मोटरवर पट्ट्याने चालतो. त्याने मोटर थांबवून, स्विचला कुलूप घालून पट्टा अंगठ्याने दाबला. तो तसूभरही हलला नाही. आता नव्या बॅचसाठी मोटर पुन्हा सुरू होणार होती, आणि त्या खोलीत रुचिरा शिरणार होती.

"हा कोणी आवळला?"

"मीच साहेब," फिटर इंद्रजीत म्हणाला. "गणपतीच्या आधी. किंचाळत होता ना! आवळला तर गप्प बसला."

पट्टा जितका घट्ट, तितका मोटरच्या बेअरिंगवर भार; अविनाश मनात हिशेब करू लागला. बेअरिंगची क्षमता भागिले त्यावरचा भार, त्याचा घन केला की तितके दशलक्ष फेरे मिळतात. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेते, त्यावरून नेहमीच्या ताणाला सव्वा वर्षाहून जास्त आयुष्य निघत होतं. ताण दुप्पट, म्हणजे आयुष्य आठव्या हिश्श्यावर, जेमतेम दोन महिने. दिवाळीसुद्धा होऊन गेली होती. बेअरिंग अडकलं तर पंखा बंद, वाफ खोलीत साठणार, आणि मग एक ठिणगी पुरे.

त्याने हा हिशेब सांगितल्यावर मॅनेजर सत्यजीत हसला. "अरे, ते आयुष्य म्हणजे दहातली नऊ बेअरिंगं तेवढं टिकतात, असंच ना? मग हे नऊमधलं असेल. बॅच संपू दे, मग बदल."

साहेबाचं गणित बरोबर होतं, पण दहातलं एक टिकत नाही हेही त्यातच होतं. अविनाशला त्याचीच भीती वाटली. त्याने साहेबाला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. पण आता कुलपाची किल्ली त्याने खिशात टाकली आणि तो ओरडला, "बेअरिंग बदलल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही! आत कोणी जायचं नाही!"

बेअरिंग काढून पाहिलं. गोळ्या फिरतात ती आतली वाट गुळगुळीत, एक ओरखडाही नव्हता. सत्यजीतने ते हातात फिरवलं. "वा रे वा, बागुलबुवा!" सगळे हसले. तयारी केलेला कच्चा माल वाया गेला. अविनाश शरमेने लाल झाला, पण नवं बेअरिंग बसवून पट्टा नीट ताणेपर्यंत किल्ली त्याने दिली नाही.

संध्याकाळी फाटकाबाहेर रुचिरा भडकलेली होती. "माझी बॅच वाया घालवलीस! काहीच झालं नव्हतं त्या बेअरिंगला!"

"नव्हतं. मी तरीही पुन्हा थांबवीन," तो म्हणाला. आवाज कापत होता.

ती बरंच काही बोलणार होती. पण गाडीला किल्ली लावायला गेली, तर किल्ली भोकात जाईना. तिचा हात त्याच्या आवाजापेक्षा जास्त कापत होता.