नाकाला न झोंबणारा बफर

नांदेडच्या पाणी प्रयोगशाळेत मी नवीन होते, तेव्हा कंधारकडच्या एका बोअरच्या पाण्याने मला रडकुंडीला आणलं. पाण्याचा जडपणा मोजायचा होता. पीएच स्थिर ठेवणारा अमोनियाचा बफर आणि रंग बदलणारा दर्शक घातला की पाणी लालसर होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि पाणी स्वच्छ निळं झालं की थांबायचं. माझं पाणी जांभळं होऊन तिथेच रेंगाळत होतं. तीनदा केलं, तीन वेगळे आकडे. चिडून मी दर्शकाला नावं ठेवली.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी बफरची बाटली उचलून हुंगली.

"नाकाला झोंबत न्हाई हे?"

"नाही. महिनाभर बरं चाललंय."

"बरं कसलं? अमोनिया उडून गेलाय सगळा."

झाकण घट्ट बसायचं, म्हणून मीच ते नुसतं वर टेकवून ठेवत होते. पीएच दहा हवा होता. पट्टीवर आठ दिसला.

ताजा बफर केला. या वेळी शेवटच्या एका थेंबाला पाणी निळं झालं. पुन्हा केलं, आकडा तोच. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. अमोनियाने, असं मी मॅडमना सांगितलं.